‘पाणी आला’: हिंदीचं वळण की ठाण्याची बोली?

‘आज पाणी आला नाय’ हे वाक्य घणसोली गावातल्या आगरी आजींच्या तोंडी ऐकू येतं आणि दोन सेक्टर पलीकडच्या टॉवरमध्ये हिंदी शाळेत शिकलेल्या तरुणाच्या तोंडीही ऐकू येतं. प्रमाण मराठीच्या हिशेबात दोन्हीकडे ‘आलं’ हवं होतं. म्हणून दोन्हीकडे हिंदी शिरली आहे असं म्हणून लोक मोकळे होतात आणि आजींवर उगाच अन्याय होतो. ठाणे आणि नवी मुंबईत मराठी मजकूर तपासणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता यायला हव्यात, आणि त्या करता येतात.

आधी हिंदीचं बघू. मराठीत तीन लिंगं आहेत, हिंदीत दोन. नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. त्यामुळे हिंदीच्या वळणाने मराठी बोलणाऱ्याचं पहिलं पाऊल घसरतं ते नपुंसकलिंगी शब्दावर. वाक्य तपासताना सगळे शब्द सारख्याच लक्षाने बघत बसण्यापेक्षा नपुंसकलिंगी नाम कुठे आहे ते आधी शोधावं आणि त्याचं क्रियापद बघावं. चूक असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पण हे नपुंसकलिंगी शब्द हिंदीत गेल्यावर सगळे एकाच घरात जात नाहीत. पाणी, घर, काम, सामान, दूध, दही हे हिंदीत पुल्लिंगी आहेत. दुकान, पुस्तक, नाक हे हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. म्हणून हिंदीच्या प्रभावाखालचा माणूस ‘सामान आला’ म्हणेल, पण ‘दुकान बंद झाली’ म्हणेल. त्याच्या मनात ‘सामान आया’ आणि ‘दुकान बंद हुई’ आहे, आणि मराठी क्रियापद त्या साच्यात बसतं.

आगरी आणि कोळी बोलीत गोष्ट निराळी आहे. तिथे ‘जेवान झाला का?’, ‘काय झाला?’, ‘तुजा नाव काय?’ हे अस्सल घरचं बोलणं आहे. प्रमाण मराठीत जिथे शेवटी ‘झालं’, ‘तुझं’ असा अं येतो, तिथे या बोलीत आ येतो. हा शेवटच्या स्वराचा मामला आहे, त्याला हिंदीशी काही देणंघेणं नाही. आणि म्हणूनच तो एका बाजूलाच झुकतो. आगरीत पानी आला तसाच दुकानही ‘बंद झाला’. दुकानाला ‘झाली’ म्हणायचं कारणच तिथे नाही.

इथे तपासणाऱ्याच्या हाताला चांगली कसोटी लागते. ‘पाणी आला’ एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण हिंदी आणि आगरी दोन्ही तिथे एकाच जागी येऊन पोचतात. त्याच माणसाच्या बोलण्यात दुकान, पुस्तक, नाक यांपैकी एखादा शब्द येईपर्यंत थांबावं. ‘पुस्तक हरवली’ आलं की वळण हिंदीचं. ‘पुस्तक हरवला’ आलं आणि सोबत ‘मना’, ‘तुना’, ‘हाय’, ‘डोला’ असे शब्द असले, की ती बोली आहे. ‘पानी’ या उच्चारावर मात्र विसंबू नका. आगरीत ण चा न होतोच, त्यामुळे तो शब्द हिंदीसारखा ऐकू आला तरी हिंदी नसतो.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण तिथे नामच नसतं. मराठीत क्रियापदाला जुळवून घ्यायला कोणी मिळालं नाही, की ते नपुंसकलिंगी एकवचनात जातं: ‘काय झालं?’, ‘बरं झालं’, ‘मला वाटलं’, ‘त्याने तिला विचारलं’. हिंदीत अशा वेळी क्रियापद पुल्लिंगी होतं: क्या हुआ, अच्छा हुआ, मुझे लगा, उसने उससे पूछा. म्हणून ‘मला असा वाटला’, ‘मी तिला विचारला’ ही वाक्यं तयार होतात. वाक्यात स्त्री असूनही ‘विचारला’ येतो, हे बघून गोंधळून जायला होतं, पण कारण एवढंच आहे.

यातली ‘ला’ची गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘प्लंबर बोलावला’ हे शुद्ध मराठी आहे. कर्माला प्रत्यय नाही, म्हणून क्रियापद प्लंबरशी जुळतं. ‘प्लंबरला बोलावलं’ हेही शुद्ध आहे. कर्माला ‘ला’ लागला, जुळणी तुटली, क्रियापद नपुंसकात गेलं. ‘प्लंबरला बोलावला’ म्हणजे मात्र या दोघांची सरमिसळ, आणि ‘प्लंबर को बुलाया’ तिच्यामागे उभं असतं.

आता एक अख्खी नोटीस तपासू. सोसायटीच्या फळ्यावर लावतात तशीच आहे, उदाहरणासाठी लिहिलेली:

‘काल रात्री टाकीत पाणी नाही आला, म्हणून कमिटीने प्लंबरला बोलावला. त्याने बोलला की मोटर जळली आहे, सामान लागेल. दुकान बंद झाली होती, म्हणून काम आज होईल.’

पहिल्या वाक्यात ‘पाणी’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘आलं’. ‘नाही’ची जागाही बघा. साध्या माहितीच्या वाक्यात मराठीचा ‘नाही’ मागे येतो: ‘आलं नाही’. ‘नहीं आया’ या क्रमाने तो पुढे आला आहे. जोर देताना आपणही ‘पाणी नाही आलं!’ म्हणतो, त्यामुळे केवळ क्रम बघून चूक म्हणता येत नाही, पण नोटिशीत जोर द्यायचं कारण नव्हतं. ‘प्लंबरला बोलावला’चं वर सांगितलंच.

‘त्याने बोलला’ इथे जरा थांबायला हवं. मराठीत भूतकाळात काही क्रियापदांचा कर्ता ‘ने’ घेतो, काहींचा घेत नाही. ‘त्याने सांगितलं’, ‘त्याने पाहिलं’, पण ‘तो बोलला’, ‘तो शिकला’, ‘तो विसरला’. हिंदीत सीखनाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो आणि रोजच्या बोलण्यातल्या हिंदीत बोलनाच्या कर्त्यालाही तो लावतात, म्हणून ‘त्याने बोलला’ आणि ‘त्याने मराठी शिकली’ ही रूपं येतात. दुसऱ्या वाक्यात तर शिकणारा पुरुष असूनही क्रियापद ‘मराठी’शी जुळलं आहे, कारण ‘उसने मराठी सीखी’. मराठीत ‘तो मराठी शिकला’ हेच हवं. म्हणणे या क्रियापदाला दोन्ही वाटा आहेत: ‘तो म्हणाला’ बरोबर, ‘त्याने म्हटलं’ही बरोबर. ‘त्याने म्हणाला’ मात्र चूक. म्हणून ‘ने’ दिसला की पुढचं क्रियापद कर्त्याकडे बघतंय का ते बघावं. ‘ने’ लागलेल्या कर्त्याशी मराठी क्रियापद लिंगाने जुळत नाही.

कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर ही तपासणी लगेच करता येत नाही, कारण त्यांना ‘ने’ दिसतच नाही. अशा वेळी ‘मी’च्या जागी ‘तो’ आणि ‘त्याने’ घालून बघायचं. ‘तो शिकला’ कानाला बरोबर लागतं, म्हणून पुरुषाने ‘मी मराठी शिकलो’ म्हणायचं, ‘मी मराठी शिकली’ नाही.

‘मोटर जळली’ ठीक आहे, मोटर दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी. ‘सामान लागेल’ आणि ‘काम होईल’ हेही ठीक. पण इथे सावध राहा: मराठीच्या भविष्यकाळी रूपात लिंग दिसतच नाही. येईल, मिळेल, लागेल, सगळ्यांना सारखंच. लिहिणाऱ्याच्या मनात सामान पुल्लिंगी असलं तरी या वाक्यातून कळणार नाही, ते उद्याच्या ‘सामान आणला’ मध्ये कळेल. म्हणून शंका असेल तर वाक्य भूतकाळात फिरवून वाचावं.

शेवटचं ‘दुकान बंद झाली होती’. इथे दोन्ही तुकडे बदलावे लागतात: ‘झालं होतं’. घाईत पहिलाच बदलला जातो आणि ‘झालं होती’ असं काहीतरी छापून जातं. सुधारलेली नोटीस अशी होते: ‘काल रात्री टाकीत पाणी आलं नाही, म्हणून कमिटीने प्लंबरला बोलावलं. मोटर जळली आहे, सामान लागेल, असं तो म्हणाला. दुकान बंद झालं होतं, म्हणून काम आज होईल.’ लेखी वळण हवं असेल तर आले, बोलावले, झाले होते. ‘त्याने बोलला की’ मधला ‘की’ मी काढला तो फक्त वाक्य मोकळं व्हावं म्हणून. ‘की’ हिंदीचा आहे म्हणून त्याच्यावर काट मारणं मला पटत नाही, मराठीतही तो रुळलेला आहे.

या नोटिशीवरून एक अंदाजही बांधता येतो. ‘पाणी आला’ आणि ‘दुकान झाली’ एकाच हाताने लिहिलेलं आहे, म्हणजे हात हिंदीच्या वळणाचा. आगरी बोलणाऱ्याने लिहिली असती तर दुकानही ‘झाला’ झालं असतं.

बिनचूक वाक्यावर उगाच खूण होण्याच्याही काही जागा आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे अनेकवचन. नपुंसकलिंगी अनेकवचनाचं क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनासारखंच दिसतं: ‘सगळी दुकानं बंद झाली’ अगदी शुद्ध आहे. ‘पुस्तकं आली’ही शुद्ध. मोबाइलवर टाइप करताना ‘दुकानं’वरचा अनुस्वार राहिला तर तेच वाक्य हिंदी वळणाचं वाटू लागतं, म्हणून आधी एक दुकान की अनेक हे ठरवावं. तसंच ‘काय झाल’ हे फक्त अनुस्वार गाळलेलं ‘झालं’ आहे. जुन्या छपाईत ‘आलें’, ‘झालें’ असा शीर्षबिंदू असायचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर लेखी रूपात तो गेला, त्यामुळे ‘पाणी आले’ आणि ‘पाहुणे आले’ आता कागदावर सारखेच दिसतात. लिंग ताडून बघायचं असेल तर बोली रूप उच्चारावं: पाणी आलं, पाहुणे आले.

‘वेळ’ हा दुसरा शब्द. ‘निघायची वेळ झाली’ आणि ‘घोडबंदर रोडला खूप वेळ लागला’, दोन्ही मराठीच आहेत. ठरलेला क्षण असेल तर स्त्रीलिंगी, कालावधी असेल तर पुल्लिंगी. ‘वेळ लागला’ बघून ‘समय लगा’ आठवणाऱ्याने तो दुरुस्त करायला जाऊ नये.

उरतात ते मराठीत आणि हिंदीत लिंगाची अदलाबदल झालेले शब्द. मजा मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी, म्हणून ‘मजा आला’ ऐकू येतं. आवाज मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘आवाज आली’. व्यक्ती मराठीत स्त्रीलिंगी आहे, माणूस पुरुष असला तरी ‘ती व्यक्ती’. ‘तो व्यक्ती’ हल्ली शिकलेल्यांच्या लिखाणातही दिसतो. या शब्दांना नियम नाही. शब्दकोशात नामापुढे पु., स्त्री., न. अशी खूण असते, ती बघायची. आगरीचा संशयही इथे घेता येत नाही, कारण शेवटच्या अं चा आ झाल्याने मजा ‘आला’ होत नाही आणि आवाज ‘आली’ होत नाही.

आता हे सगळं लावायचं कुठे? नोटीस, अर्ज, पाटी, बातमी यांत प्रमाण रूप करावं, मग मूळ वळण हिंदीचं असो की आगरीचं. पण कोणाची मुलाखत उतरवत असाल किंवा कथेत दिवाळे गावचा माणूस बोलत असेल, तर ‘जेवान झाला का?’ जसंच्या तसं ठेवा. तिथे ‘झालं’ करणं हीच चूक ठरेल. आणि त्याच माणसाच्या तोंडी तुम्ही ‘दुकान बंद झाली’ लिहिलं असेल, तर ते बदलून ‘बंद झाला’ करा.