जोड्या तीन, पैज एकाच डॉलरवर: एका जुन्या गफलतीची पार्श्वभूमी

परकीय चलनाच्या बाजारात डॉलरच्या बदल्यात युरो विकला, पौंडही विकला आणि येनच्या बदल्यात डॉलर विकत घेतला, तर पडद्यावर तीन वेगळ्या पोझिशन, म्हणजे तीन चालू सौदे, दिसतात. तिन्हींचे आलेख वेगळे असतात, नफा-तोटाही वेगळा दाखवला जातो. प्रत्यक्षात मात्र त्या तिन्हींत एकाच गोष्टीची खरेदी झालेली असते, ती म्हणजे डॉलरची. ही गफलत नवख्यांपुरती मर्यादित नाही. बाजाराची घडणच तशी आहे, आणि ती घडण समजून घ्यायला 1944 पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे 44 देशांचे प्रतिनिधी जमले. तिथे ठरलेल्या व्यवस्थेत डॉलर सोन्याशी बांधला गेला, एका औंसाला 35 डॉलर या दराने, आणि बाकीची चलने डॉलरशी बांधली गेली. आपल्या चलनाचा भाव ठरलेल्या पट्ट्यात ठेवण्यासाठी मध्यवर्ती बँका डॉलरच विकत किंवा विकत घेत. त्यामुळे प्रत्येक चलनाचा खोल, रोजचा बाजार तयार झाला तो डॉलरसमोर. 15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोन्याची खिडकी, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोने देण्याची सोय, बंद केली आणि मार्च 1973 पर्यंत प्रमुख चलने तरंगू लागली. दर मोकळे झाले तरी बाजाराचा मध्य जागचा हलला नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या 2022 च्या पाहणीत दर 100 व्यवहारांपैकी सुमारे 88 व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. म्हणजे कोणत्याही दोन ठळक जोड्या उचलल्या, तरी दोन्हींत डॉलर निघण्याचीच शक्यता जास्त.

मग हे डोळ्यांना का दिसत नाही? कारण भाव सांगण्याची रीत सगळीकडे एक नाही. ब्रिटनने 15 फेब्रुवारी 1971 रोजी दशमान पद्धत स्वीकारली. तोवर पौंडाचे 20 शिलिंग आणि 240 पेन्स होत. असा पौंड डॉलरमागे किती पडतो हे सांगण्यापेक्षा एका पौंडाला किती डॉलर पडतात हे सांगणे कितीतरी सोपे होते, आणि तीच रीत टिकली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याच वाटेने गेले. 1999 मध्ये आलेला युरोही जोडीत पहिल्या जागी बसला. येन, स्विस फ्रँक, कॅनडाचा डॉलर आणि आपला रुपया मात्र एका डॉलरमागे किती, असेच मोजले जातात. परिणाम असा की डॉलर वधारला की EURUSD चा, म्हणजे युरो-डॉलर जोडीचा, आलेख खाली जातो आणि USDJPY चा, म्हणजे डॉलर-येनचा, वर. एकीकडे विक्री, दुसरीकडे खरेदी. पाहणाऱ्याला वाटते की एक पोझिशन दुसरीला सावरते आहे.

डॉलरचा जोर एका आकड्यात मोजण्याचा प्रयत्नही त्याच काळातला. डॉलर निर्देशांकाचा पाया मार्च 1973 हा आहे, त्या वेळचे मूल्य 100. त्याच्या टोपलीत दहा चलने होती. 1999 मध्ये जर्मन मार्क, फ्रेंच फ्रँक, इटालियन लिरा, डच गिल्डर आणि बेल्जियन फ्रँक यांचे वजन एकत्र करून ते युरोला दिले गेले आणि सहा चलने उरली. युरोचा वाटा 57.6 टक्के, येनचा 13.6, पौंडाचा 11.9, बाकीचा कॅनडा, स्वीडन आणि स्वित्झर्लंडच्या चलनांचा. चीन आणि मेक्सिकोशी अमेरिकेचा प्रचंड व्यापार असूनही त्यांची चलने त्यात नाहीत. म्हणून निर्देशांक वर गेला एवढ्यावरून डॉलर सगळीकडे वधारला असे धरणे मला घाईचे वाटते. निम्म्याहून जास्त वेळा तो आकडा युरोचीच बातमी सांगत असतो. डॉलरचा जोर वाचायचा तर जोड्या शेजारीशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

2022 च्या शरद ऋतूत हे शिकवणाऱ्या तीन घटना दोन महिन्यांच्या आत घडल्या. त्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळून झपाट्याने वर नेले. डॉलर निर्देशांक सप्टेंबरअखेर 114 च्या वर गेला, युरो एका डॉलरच्याही खाली घसरला. विकलेली जोडी म्हणजे शॉर्ट, घेतलेली म्हणजे लाँग; युरो शॉर्ट, पौंड शॉर्ट आणि डॉलर-येन लाँग हे त्रिकूट त्या काळात अनेकांच्या खात्यावर होते.

पहिली घटना 22 सप्टेंबरची. जपान सरकारने 1998 नंतर प्रथमच येन विकत घेण्यासाठी बाजारात हस्तक्षेप केला. USDJPY 146 च्या जवळून काही तासांत 140 च्या आसपास आला. पण निर्देशांक 111 च्या आगेमागेच राहिला आणि युरोही फारसा सावरला नाही. ही येनची स्वतःची हालचाल होती. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या नव्या सरकारने मोठी करकपात जाहीर केली, आणि 26 तारखेच्या पहाटे पौंड 1.035 डॉलर या विक्रमी नीचांकाला गेला. तिथे खूण कुठली? EURGBP हा क्रॉस, म्हणजे ज्यात डॉलर नाहीच अशी जोडी. तो 0.87 च्या आसपासून 0.92 च्या वर उसळला. डॉलर नसलेली जोडी इतकी हलली, तेव्हा कारण डॉलरच्या बाहेर शोधायला हवे. पौंड शॉर्ट असलेल्यांना त्या दिवशी भरपूर नफा झाला आणि डॉलरबद्दलचे आपले मत बरोबर ठरले असे अनेकांना वाटले. तो नफा मुख्यतः लंडनमुळे झाला होता.

तिसरी घटना 10 नोव्हेंबरची. आपल्याकडे संध्याकाळचे 7 वाजले असताना अमेरिकेचा ऑक्टोबरचा महागाई दर आला. अपेक्षा 7.9 टक्क्यांची होती, आकडा निघाला 7.7. त्यानंतर डॉलर सगळीकडे एकदम कोसळला. दिवसभरात युरो 1.001 वरून सुमारे 1.021 वर, पौंड 1.136 वरून सुमारे 1.171 वर, आणि डॉलर 146.4 येनवरून 141 च्या आसपास आला. EURGBP मात्र जेमतेम एक टक्का हलला. या वेळी कारण डॉलरच होता.

आता तेच त्रिकूट हिशेबाने पाहू. प्रत्येक जोडीत एक लॉट, म्हणजे पहिल्या चलनाचे 1 लाख. युरो शॉर्ट म्हणजे सुमारे 1,00,000 डॉलरची खरेदी, पौंड शॉर्ट म्हणजे 1,13,600 डॉलरची, आणि येनसमोरची खरेदी सरळच 1,00,000 डॉलरची. एकूण सुमारे 3 लाख 14 हजार डॉलर एकाच दिशेने. त्या दिवशी युरोवर 2,000 डॉलर गेले, पौंडावर 3,500 आणि येनवर सुमारे 3,800. मिळून 9,300 च्या आसपास, आणि एकाही पोझिशनने दुसरीला सावरले नाही.

ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारा स्टॉप लॉस असता तर? समजा खात्यात 1 लाख डॉलर आहेत आणि प्रत्येक पोझिशनला 1 टक्का, म्हणजे 1,000 डॉलरची जोखीम ठरवली आहे. तिन्ही पोझिशन खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर एकत्रित जोखीम साध्या बेरजेइतकी नसते. ती तीनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे सुमारे 1,730 डॉलर. तिन्ही एकाच दोरीने बांधलेल्या असल्या की पूर्ण 3,000. मनातल्या हिशेबात आणि खात्यावरच्या हिशेबात जो फरक पडतो तो इथला. डॉलर वधारेल हेच मत असेल तर ते एकदाच धरावे: एक लॉट एका जोडीत, किंवा त्याचेच तीन भाग करून तीन जोड्यांत.

यासाठी करायचे काम साधे आहे. प्रत्येक पोझिशन दोन चलनांत फोडून लिहायची, कोणते घेतले आणि कोणते दिले, आणि मग चलनागणिक बेरीज करायची. EURUSD शॉर्टसोबत GBPUSD लाँग असेल तर डॉलर जवळजवळ कटतो आणि उरतो तो EURGBP चा शॉर्ट, तोही दोन जोड्यांचा स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, भरून. तेव्हा मत युरो-पौंडाबद्दलचे आहे का, हे स्वतःला विचारावे.

जोड्या किती एकत्र हलतात याचा सहसंबंध मोजणारी कोष्टके आज सहज मिळतात, पण त्यांच्यावर विसंबण्यालाही सीमा आहे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने 6 सप्टेंबर 2011 पासून युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. EURCHF जवळजवळ स्थिर, म्हणून EURUSD वर गेला की USDCHF तितकाच खाली. दोन्ही लाँग ठेवले की एकमेकांना झाकतात, असे कोष्टक सांगत होते. 15 जानेवारी 2015 रोजी बँकेने ती मर्यादा अचानक काढली. युरो काही मिनिटांत एका फ्रँकच्याही खाली गेला आणि USDCHF कोसळला, त्याच वेळी EURUSD सुद्धा घसरला. झाकणाऱ्या दोन्ही पोझिशन एकाच दिवशी तोट्यात गेल्या. तो सहसंबंध बाजाराचा स्वभाव नव्हता, एका बँकेचे धोरण होते. चलनागणिक फोडून लिहिले असते तर युरो लाँग, फ्रँक शॉर्ट आणि डॉलर शून्याजवळ हे आधीच दिसले असते.

आपल्याकडे ही गफलत रुपयाच्या बाजूने होते. ऑगस्ट 2008 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर डॉलर-रुपया फ्युचर्स सुरू झाले, 2010 मध्ये युरो, पौंड आणि येनचे रुपयातले सौदे आले. पण युरो-रुपयाचा भाव मुळात डॉलरमार्फतच निघतो:

```
EURINR = EURUSD × USDINR
```

USDINR आणि EURINR दोन्ही लाँग केले तर दुप्पट होतो तो रुपयाचा शॉर्ट. USDINR लाँग आणि EURINR शॉर्ट केले तर रुपया कटतो आणि हातात EURUSD चा शॉर्ट राहतो. 2022 च्या पहिल्या साडेसहा महिन्यांत नेमके याच दोन पायांनी उलट दिशा धरल्या. जानेवारीत डॉलर 74 रुपयांच्या थोडा वर होता, जुलैच्या मध्यावर 80 च्या जवळ. युरो मात्र 84 रुपयांच्या आसपासून 80 वर आला. रुपया घसरतो आहे अशा बातम्या रोज येत असताना, युरोत बिल लावणाऱ्या नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराच्या हाती तेवढ्याच युरोंचे कमी रुपये पडत होते. डॉलर-रुपया पाहून त्याने युरोची वसुली उघडी ठेवली असेल, तर त्याच्या नकळत ती EURUSD वरही लावलेली पैज होती.