संयत आणि कोरडं: आठवणींच्या परिच्छेदातला फरक

आठवणींचा एखादा परिच्छेद वाचून कुणीतरी म्हणतं, ‘फार भावुक झालंय.’ मग लिहिणारा विशेषणं काढतो, उद्गारचिन्हं पुसतो, ‘डोळे पाणावले’ खोडतो. उरलेला मजकूर वाचून त्याला वाटतं, आता संयत झालं. बहुतेक वेळा ते संयत झालेलं नसतं, नुसतं कोरडं झालेलं असतं. दोन्हींत हुंदका नसतो, दोन्हींचा आवाज खालच्या पट्टीत असतो, म्हणून ही गफलत सहज होते. पण कोरडा परिच्छेद वाचून वाचक पुढे निघून जातो आणि संयत परिच्छेदापाशी तो थांबतो.

हा फरक दाखवण्यासाठी एकच आठवण तीन प्रकारे लिहून पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण पहिल्या खर्ड्यासारखे खर्डे मी स्वतः लिहिले आहेत आणि इतरांचे पुष्कळ वाचले आहेत.

पहिला खर्डा असा:

‘आईचं ते शिलाई मशीन! आजही त्याचा आवाज कानात घुमतो आणि मन त्या सोनेरी दिवसांत हरवून जातं. मशीनवर बसून आई जणू मायेचा एकेक टाका आमच्या आयुष्याला घालायची. तिच्या थकलेल्या हातांत केवढी ऊब होती! आम्ही भावंडं तिच्याभोवती खेळायचो, बागडायचो. किती निरागस होते ते दिवस... आता मशीन कोपऱ्यात मुकं उभं आहे आणि आईच्या आठवणीने डोळे पाणावतात.’

आता यातलं भावुक वाटणारं सगळं काढून टाकलं, तर हे उरतं:

‘आईकडे शिलाई मशीन होतं. ती रोज दुपारी कपडे शिवायची. आम्ही तिघं भावंडं त्याच खोलीत खेळायचो. आई गेल्यानंतर मशीन कोपऱ्यात ठेवलं. ते आता वापरात नाही.’

यात खोटं किंवा भडक काहीच नाही. पण आई दिसते का? जिच्या घरात शिलाई मशीन होतं अशा कुणाही मुलीला किंवा मुलाला या परिच्छेदाखाली आपली सही करता येईल. आणि नीट पाहिलं तर पहिल्या खर्ड्याचंही तेच आहे. सोनेरी दिवस, मायेचा टाका, थकलेल्या हातांची ऊब हे सगळं कुठल्याही आईबद्दल लिहिता येतं. म्हणजे पहिल्या खर्ड्याचा आजार भावना जास्त असणं हा नव्हताच. त्यात कुणी काही पाहिलेलंच नव्हतं आणि जिथे निरीक्षण असायला हवं तिथे ‘माया’, ‘ऊब’, ‘निरागस’ हे शब्द येऊन बसले होते. ते उचलल्यावर खालची रिकामी जागा उघडी पडली, इतकंच. वजाबाकी करून संयम मिळत नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

तिसरा खर्डा:

‘आई शिवताना टाचण्या ओठांत धरायची. त्यामुळे ती मशीनवर असेपर्यंत तिच्याकडून “हं” आणि “अंहं” एवढीच उत्तरं मिळत, आणि आम्ही तिघं त्याच बेताने प्रश्न विचारायला शिकलो होतो. “खेळायला कुठे जाऊ” असं कुणी विचारायचं नाही, “खेळायला जाऊ का” असं विचारायचं. एका दुपारी धाकट्याने विचारलं, “बाबा परत कधी येणार?” आईने पायडल थांबवलं. ओठांतली एकेक टाचणी काढून समोरच्या उशीत खोचली. सगळ्या काढून झाल्यावर तिने सुईतला दोरा एकदा तपासला, मग त्याच टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि शिवायला लागली. मशीन आता माझ्याकडे आहे. बॉबिनवर निळा दोरा आहे. शेवटचं निळं काय शिवलं होतं, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.’

दुसऱ्या खर्ड्यासारखंच इथेही प्रेम, दुःख, आठवण यांपैकी एकही शब्द नाही. तरी हा परिच्छेद कोरडा वाटत नाही, कारण यात हकिगत पूर्ण सांगितली आहे. ओठांत टाचण्या आहेत, मुलांनी त्यावर काढलेली तोड आहे, त्या तोडीत न बसणारा एक प्रश्न आहे आणि त्यावर आईच्या हातांनी काय केलं ते क्रमाने आहे. लेखकाने फक्त या सगळ्याचा अर्थ सांगितलेला नाही. कोरड्या परिच्छेदातून भावनेबरोबर हकिगतही निघून गेलेली असते. संयत परिच्छेद भावनेचं नाव तेवढं गाळतो आणि ज्यातून ती भावना उपजली ते सगळं जागच्या जागी ठेवतो.

आपल्या काव्यशास्त्राला हा भेद जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसाचे दोष सांगितले, त्यांतला पहिलाच दोष म्हणजे रस किंवा भाव त्याच्या स्वतःच्या नावाने सांगणं. ‘करुण’ म्हटल्याने करुण रस उपजत नाही. लगेच पुढचा दोष त्याने सांगितला तो असा: विभाव आणि अनुभाव इतके अस्पष्ट असणं, की वाचकाला ते ओढूनताणून कल्पावे लागतात. विभाव म्हणजे भाव ज्यामुळे जागा होतो ती परिस्थिती, अनुभाव म्हणजे तो भाव देहावर, कृतीत उमटतो ते. धाकट्याचा प्रश्न हा विभाव, टाचण्या काढून पुन्हा ओठांत धरणं हा अनुभाव. पहिल्या खर्ड्यात पहिला दोष आहे आणि दुसरा खर्डा दुसऱ्या दोषाच्या वाटेने जातो. एकातून सुटण्याच्या धडपडीत माणूस दुसऱ्यात अडकतो, म्हणून ही यादी मला आजच्या आठवणीलेखनालाही चपखल वाटते.

दुसऱ्या दोषाचं एक फसवं रूपही आहे. समजा तिसऱ्या खर्ड्यात मी धाकट्याचा प्रश्न दिलाच नसता आणि लिहिलं असतं, ‘धाकट्याने काहीतरी विचारलं. आईने पायडल थांबवलं.’ काहींना हे अधिक संयत वाटेल. मला ते लपवाछपवीचं वाटतं. बाबांचा प्रश्न ही घटना आहे, ती वाचकाच्या हातात द्यायलाच हवी. ती नाही दिली तर टाचण्या काढण्याला काही वजनच राहत नाही, आणि वाचक आईकडे पाहायचं सोडून लेखक काय दडवतोय याचा तर्क करत बसतो.

आता मराठीतल्या एका खास सापळ्याबद्दल. आठवणी लिहिताना आपली क्रियापदं आपोआप ‘शिवायची, खेळायचो, यायचे, म्हणायची’ या रूपात येतात. हे रूप सवय सांगतं, अनेक दुपारींची मिळून एक दुपार करतं. त्या सरमिसळीत प्रत्येक दिवसाचे कंगोरे झिजतात आणि मऊ, सोनेरी काहीतरी उरतं. गतकाळाचा गोडवा मराठीत जितका विशेषणांतून येतो, तितकाच या ‘-आयची’मधून येतो, आणि विशेषणं खोडणाऱ्याच्या नजरेतून हे रूप नेमकं निसटतं. दुसऱ्या खर्ड्यातही ‘शिवायची’, ‘खेळायचो’ तसेच राहिले आहेत, बघा. तिसऱ्यात सुरुवातीला सवय आहे, ती असायला हवी, कारण नियम कळल्याशिवाय नियम मोडलेला कळत नाही. पण ‘एका दुपारी’ या शब्दांनंतर क्रियापदं बदलतात: विचारलं, थांबवलं, खोचली, धरल्या. आपल्या परिच्छेदातली सगळी ‘-आयची’, ‘-आयचो’ अधोरेखित करून पाहा. सगळा परिच्छेदच अधोरेखित झाला, तर त्यात अजून काही घडलेलं नाही असं समजावं.

ही एक दुपार आणायची कुठून? वस्तूपासून सुरुवात केली की तीच ती मशीनं, तेच ते आवाज येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वस्तूचं नाव आलं म्हणजे लेखन ठोस झालं असं नाही. मशीन पहिल्या खर्ड्यातही होतंच. त्यापेक्षा हातांबद्दल विचारावं: ते नेमकं काय करत होते, कशानंतर काय? आणि त्या माणसाच्या सवयीमुळे इतरांना आपलं वागणं कुठे बदलावं लागलं? ओठांतल्या टाचण्या पहिल्या प्रश्नातून मिळतात, हो-नाहीचे प्रश्न दुसऱ्यातून. उत्तर आठवलं नाही, तर मात्र ते बनवू नये. आठवणी म्हणून लिहिलेल्या मजकुरात रचलेली टाचणी चालत नाही. तिथे ‘आठवत नाही’ असं लिहावं. निळ्या दोऱ्याचं वाक्य तशाच न आठवण्यावर उभं आहे.

आखूड वाक्यांबद्दलही थोडं. संयम म्हणजे तुटक वाक्यं, असा एक समज आहे. ‘ती उठली. थांबली. बोलली नाही.’ हे शांत दिसतं, पण यातला प्रत्येक पूर्णविराम उद्गारचिन्हाचंच काम करतो, वाचकाला दर दोन शब्दांनी कोपराने ढोसतो. तिसऱ्या खर्ड्यातलं टाचण्या पुन्हा ओठांत धरण्याचं वाक्य मी मुद्दाम लांब ठेवलं. कृती जशी एकीतून दुसरीत गेली तसंच ते वाहतं आणि कुठल्याही एका क्षणावर बोट ठेवत नाही.

मग भावनेचा शब्द कधीच वापरायचा नाही का? मम्मटानेही सूट ठेवली आहे: संचारी भाव, म्हणजे मुख्य भावाच्या ओघात येऊन जाणारा भाव, क्वचित नावाने सांगितला तरी दोष नाही. माझा अनुभव असा, की शब्द त्या वेळच्या भावनेचा असेल आणि वाचकाच्या अपेक्षेबाहेरचा असेल, तर तो चालतो. ‘मला धाकट्याचा राग आला’ हे वाक्य तिसऱ्या खर्ड्यात खपेल. त्या खोलीतल्या मुलाला तेव्हा काय वाटलं याची ती बातमी आहे, आणि ती कृतीतून दिसली नसती. ‘आज तिच्या मौनाचा अर्थ कळतो’ हे मात्र चालणार नाही. ते आजच्या लेखकाने आपल्याच परिच्छेदावर दिलेलं मत आहे.

अशी वाक्यं बहुधा शेवटी येतात, कारण शेवटी आपल्याला भीती वाटते की वाचकाला कळलं नसेल. निळ्या दोऱ्यानंतर माझ्याही हातून आधी आणखी एक वाक्य उतरलं होतं: ‘तो दोरा अजून तिची वाट पाहतो.’ दोरा वाट पाहत नाही. वाट पाहणारी तिघं भावंडं आदल्याच वाक्यात आलेली होती, म्हणून ते वाक्य मी काढलं.