शून्य टक्के ढग, तरीही भिंगावर दव

दुर्बीण गाडीत टाकून शहराबाहेर जायचे, तर अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवसच हातात असतात. त्यातला शनिवार-रविवार धरला, की वर्षात अशा रात्री मोजक्याच उरतात. त्यामुळे आमच्यासारखे हौशी निरीक्षक आठवडाभर आधीपासून हवामानाचे अंदाज चाळत बसतात. बहुतेक जण ढगांचा आकडा पाहतात आणि तो शून्य दिसला की निघतात. मीही बरीच वर्षे तेच करत होतो. मग डिसेंबरातल्या एका निरभ्र रात्री अकराच्या सुमारास मृग नक्षत्रातला तेजोमेघ पुसट होत होत दिसेनासा झाला. वर आकाश लख्ख होते. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर मात्र दवाचा थर साचला होता.

दख्खनच्या पठारावर पाऊस गेल्यानंतरच्या महिन्यांत ढग हा तसा सोपा प्रश्न असतो. रात्र बिघडते ती ओलाव्याने आणि धुरळ्याने. ते कसे ओळखायचे हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, मार्गशीर्ष अमावास्येजवळची शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्रींपैकी एक निवडायची आहे आणि जागा आहे जुन्नर तालुक्यातला एक उघडा माळ. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण याच भागात, गिरवलीच्या डोंगरावर आहे.

पहिली नजर ढगांवर. चांगल्या संकेतस्थळांवर ढग तीन थरांत वेगळे दाखवतात: साधारण दोन किलोमीटरपर्यंतचे खालचे, त्यावर सहा-सात किलोमीटरपर्यंतचे मधले आणि त्याहून वरचे उंच ढग. एकत्रित टक्केवारीपेक्षा हे तीन आकडे सुटे वाचावेत, कारण त्यांचा त्रास वेगळा असतो. खालचे ढग तुकड्यातुकड्यांचे असतील तर मधल्या फटींतून काम भागते. उंचावरचे सिरस म्हणजे बर्फकणांचे पिसासारखे ढग. अंदाजात ते वीस टक्के दिसतात, अंधारात डोळ्यांना जाणवतही नाहीत, पण दीर्घिकांचा अंधूक प्रकाश ते गिळून टाकतात. चंद्राला खळे पडते ते याच ढगांमुळे. अमावास्येला ती खूणही मिळत नाही. दुपारी विमानांनी सोडलेल्या पांढऱ्या रेघा मात्र पाहता येतात. त्या लगेच विरल्या तर वरची हवा कोरडी आहे. रेघ रुंदावत आकाशभर पसरली, तर सिरस यायला वरची हवा तयार आहे असे समजावे.

आपल्या उदाहरणात शुक्रवारी तिन्ही थर शून्य आहेत. शनिवारी उंच ढग रात्री नऊपर्यंत पंचवीस टक्के, नंतर शून्य. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा ढगाळ हवेचा पट्टा, सरकत गेला, की त्याच्या ढगांची शेपटी अशी कधी कधी महाराष्ट्रावरून जाते. केवळ ढग पाहणारा माणूस इथेच शुक्रवार ठरवून मोकळा होईल.

आता दवबिंदू. अंदाजात सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी ठळक असते, पण ती फसवी आहे. संध्याकाळची साठ टक्के आर्द्रता ऐकायला निरुपद्रवी वाटते. मात्र तापमान उतरले, की हवेतली वाफ तेवढीच राहूनही टक्केवारी चढत जाते. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते ते तापमान. हवा बदलली नाही, तर रात्रभरात तो फारसा हलत नाही. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू आणि रात्रीचे उतरते तापमान शेजारी शेजारी ठेवून पाहावे. संकेतस्थळावर Dew point अशी वेगळी ओळ असतेच. नसेल तर एक ढोबळ हिशेब आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचने भागा आणि येईल ते उत्तर तापमानातून वजा करा. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तेव्हा तो बऱ्यापैकी जुळतो.

शुक्रवारी संध्याकाळी सातला तापमान 22 अंश, आर्द्रता 60 टक्के. शंभरातून साठ गेले चाळीस, भागिले पाच म्हणजे आठ. दवबिंदू 14. रात्री अकराचे तापमान 16 अंश आणि पहाटेचे किमान 13. म्हणजे मध्यरात्रीनंतर कधीतरी हवाच दवबिंदूला जाऊन भिडणार. आणि दुर्बीण तितकी वाट पाहत नाही. उघड्या आकाशाखाली ठेवलेली काच आपली उष्णता थेट वर फेकत असते, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त थंड होते. हवा 16 अंशांवर असताना काच 14 वर पोचलेली असते. म्हणजे दव अकरालाच. सुरुवातीला सांगितलेली माझी रात्र नेमकी अशीच गेली होती.

म्हणून मी तापमान आणि दवबिंदू यांच्यात रात्री किती अंतर उरते ते पाहतो. चार-पाच अंश उरत असतील तर निश्चिंत. तीनच्या खाली जात असेल, तर दवाची तयारी हवी. दोनच्या खाली गेले आणि वाराही पडलेला असेल, तर दरीत आणि ओढ्याकाठी धुकेही धरू शकते. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत खोलगट जागेत साचते. त्यामुळे तळ्याकाठची सुंदर जागा सोडून शंभर फूट वरचा माळ निवडला, तर त्याच रात्री तुम्ही कोरडे राहता. दवाचा पहिला फटका पुढे काच असलेल्या दुर्बिणींना बसतो, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणी आणि श्मिट-कॅसेग्रेन. न्यूटोनियन दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे बराच वेळ वाचतो. तिथे आधी फाइंडर आणि आयपीस धुरकट होतात. तोंडाशी व्यासाच्या दीडपट-दुप्पट लांबीची जाड फोमची नळी गुंडाळली, की काचेला दिसणारे आकाश कमी होते आणि ती सावकाश थंड होते. दव बसलेच तर काच पुसू नये, धुळीचे ओरखडे पडतात. कोमट हवेने वाळवावी.

शनिवारी संध्याकाळी सातला तापमान 20, आर्द्रता 40 टक्के आणि अंदाजातला दवबिंदू 6. पहाटे तीनला तापमान 11. पाच अंशांचे अंतर शिल्लक आहे. शिवाय उत्तरेकडून तासाला आठ-दहा किलोमीटरचा वारा आहे. विक्षोभ पुढे सरकला की मागून अशी कोरडी उत्तरेची हवा येते. एवढ्या वाऱ्याने भक्कम तिवईवरची दुर्बीण फारशी हलत नाही आणि काचेवर दवही सहज टिकत नाही.

तिसरी गोष्ट पारदर्शकता. इथे सावध राहायला हवे, कारण खगोलनिरीक्षणासाठीच्या अंदाजांमधली पारदर्शकता अनेकदा हवेतल्या एकूण बाष्पावरून काढलेली असते. उदाहरणार्थ, उत्तर अमेरिकेतल्या निरीक्षकांचा आवडता Clear Sky Chart याच पद्धतीवर उभा आहे. कॅनडाच्या स्वच्छ हवेत ते चालून जाते. आपल्याकडे ऊस तोडणीच्या हंगामात पाचट पेटते, गावोगाव शेकोट्या असतात, रस्त्यांची धूळ असते. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली आणि वारा पडला, की हा सगळा धूर झाकण घातल्यासारखा खालीच कोंडतो. बाष्पाचा आकडा उत्तम असतो आणि आकाश राखाडी.

म्हणून त्यासोबत एरोसोलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या धूर-धुळीच्या कणांचा, अंदाज पाहायचा. युरोपच्या कोपर्निकस सेवेकडून तो जगभरासाठी मिळतो आणि हवामानाचे नकाशे दाखवणाऱ्या काही संकेतस्थळांवरही AOD या नावाने दिसतो. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतले धूलिकण मिळून प्रकाश किती अडवतात, हे तो आकडा सांगतो. शुक्रवारचा आकडा 0.5 आहे असे धरू. थेट डोक्यावरच्या ताऱ्याचा 61 टक्के प्रकाश या कणांतून पार होऊन खाली पोचेल. क्षितिजापासून 30 अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश दुप्पट हवेतून येतो, त्यामुळे तिथे 37 टक्केच उरतील. शनिवारी आकडा 0.2 असेल, तर हेच हिशेब 82 आणि 67 टक्के. म्हणजे आकाशाच्या खालच्या भागात जवळजवळ दुप्पट प्रकाश. शिवाय धुरळा गावांच्या दिव्यांचा उजेड आपल्याकडे परतवतो आणि आकाशाचा काळेपणा जातो, ते नुकसान निराळेच. त्रिकोण तारकासमूहातली एम 33 ही पसरट, अंधूक दीर्घिका अशा रात्री सर्वांत आधी हरवते.

हा अंदाज खरा ठरतोय का, ते दुपारीच ताडता येते. एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याने सूर्य पूर्ण झाकून त्याच्या शेजारचे आकाश पाहा, सूर्याकडे थेट मात्र कधीही पाहू नका. निळा रंग सूर्याच्या जवळपर्यंत टिकत असेल तर हवा स्वच्छ. भोवती रुंद पांढुरकी झळाळी असेल तर धुरळा आहे. अंधार पडल्यावर कृत्तिका वर आल्या की मोजाव्यात. साध्या डोळ्यांना सहा दिसणे नेहमीचे. त्याच डोळ्यांना सात-आठ दिसू लागल्या की हवा खरोखर निवळली आहे.

तेव्हा शनिवार. आता प्रश्न नऊपर्यंतच्या उंच ढगांचा. हवामानाचा अंदाज काढणारी गणिती प्रारूपे नकाशा चौकटींत पाहतात. अमेरिकेच्या GFS प्रारूपाचे आकडे साधारण 28 किलोमीटरच्या चौकटींत मिळतात. एवढ्या चौकटीत घाटाची कडा आणि मागचे पठार एकच होऊन जाते, म्हणून घाटमाथ्यावर अडकलेला ढग त्यात बऱ्याचदा उमटत नाही. ढग सरकण्याची वेळही दोन-तीन तासांनी चुकू शकते. म्हणून मी दोन प्रारूपे ताडून पाहतो. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील आणि लागोपाठच्या अंदाजांत ती बदलत नसेल, तर गुरुवारी रात्री बेत पक्का करतो.

निघण्याआधीचे शेवटचे काम म्हणजे हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची इन्सॅट उपग्रहाची अवरक्त चित्रे. लागोपाठची चित्रे पाहिली की ढगांची मागची कडा किती सरकली ते कळते. समजा, संध्याकाळी पाचला ती किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर समुद्रात आहे आणि तासाला ऐंशी किलोमीटरने पूर्वेकडे येते आहे. किनाऱ्यापासून आपला माळ आणखी शंभर-एकशे दहा किलोमीटर. म्हणजे चार तासांहून थोडा कमी वेळ, नऊच्या आत आकाश मोकळे. अंदाज जुळला. या चित्रांची एक मर्यादा लक्षात असू द्या: त्यांत तापमानातला फरक दिसतो. उंच ढग थंड असल्याने उठून दिसतात, पण जमिनीला चिकटलेले धुके जमिनीइतकेच उबदार असते आणि चित्रात लपून जाते. त्याची दखल दवबिंदूच्या हिशेबातूनच घ्यावी लागते.

मग जेवण उरकून सावकाश निघावे. नऊपर्यंत दुर्बीण उघड्यावर ठेवून निववावी, तोवर ढगांची शेपटीही पूर्वेला गेलेली असते.

आणि सोडून दिलेला शुक्रवारही फुकट घालवू नये. धूर कोंडून ठेवणारी ती शांत, दमट हवा बरेचदा स्थिर असते आणि तारे कमी लुकलुकतात. गुरू आकाशात असेल तर घराच्या गच्चीवरच दुर्बीण लावावी. त्याच्या प्रकाशातला अर्धा अडला तरी तो भरपूर तेजस्वी उरतो, आणि अशा रात्री त्याचे पट्टे शनिवारच्या वाऱ्यापेक्षा जास्त रेखीव दिसू शकतात. फक्त अकराच्या आत.