महागाई, बेरोजगारी आणि दारिद्र्य

समाजशास्त्राच्या पेपरात या तीन संकल्पना बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. प्रत्यक्षात त्या एकाच घरात एकमेकींत गुंतलेल्या असतात. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणाऱ्या मजुराचे पाच माणसांचे घर उदाहरणादाखल धरू. त्यातले घरखर्चाचे आकडे हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत.

महागाई म्हणजे सर्वसाधारण भावपातळीत सातत्याने होणारी वाढ. एखाद्या आठवड्यात कांदा किंवा टोमॅटो कडाडला, तर तेवढ्याने महागाई झाली असे अर्थशास्त्र म्हणत नाही. तिचा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. त्यासाठी सामान्य कुटुंबाच्या खरेदीतल्या वस्तू आणि सेवांची यादी करतात आणि जिच्यावर जास्त खर्च होतो तिला जास्त भार देतात. विद्यार्थी हमखास चुकतात ते दर घसरल्यावर. ८० रुपयांची मिसळ ८८ झाली तर वाढ १० टक्के. पुढच्या वर्षी ती ९२ झाली तर वाढ साधारण साडेचार टक्के. दर निम्म्याहून खाली आला, पण मिसळ स्वस्त झाली नाही. ती फक्त सावकाश महागली.

शिवाय निर्देशांक सरासरीचा असतो. आपल्या मजुराच्या घरी महिन्याला १०,००० रुपये खर्च होतात आणि त्यातले ६,००० खाण्यापिण्यावर जातात. खाद्यपदार्थ १० टक्क्यांनी आणि बाकी सारे २ टक्क्यांनी महागले, तर तोच संसार चालवायला ६०० अधिक ८०, म्हणजे ६८० रुपये जास्त लागतील. या घरापुरती महागाई ६.८ टक्के. ताराबाई पार्कातल्या ज्या घरात खाण्यावर खर्चाचा तिसरा हिस्साच जातो, तिथे ती पाच टक्क्यांच्याही खाली राहील. मजुरी दिवसाला ५०० वरून ५१५ झाली असेल, तर वाढ ३ टक्क्यांची. हातात पैसे जास्त आले, पण त्यांत पूर्वीइतका बाजार होत नाही. यालाच वास्तव मजुरी घटणे म्हणतात.

गुऱ्हाळे साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. काहिली थंडावल्या की जाळ घालणाऱ्याचे काम संपते. ही हंगामी बेरोजगारी. बेरोजगारीचा दर मात्र एकूण लोकसंख्येवर काढत नाहीत. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जे श्रमबळ होते, त्यातल्या काम न मिळालेल्यांची टक्केवारी म्हणजे हा दर. गावातले ५०० जण श्रमबळात असतील आणि २० जणांना काम नसेल, तर दर ४ टक्के. अर्ज करून थकलेल्या १० जणांनी शोधच सोडला, की श्रमबळ ४९०, बेरोजगार १० आणि दर सुमारे २ टक्के! काम एकालाही मिळालेले नाही.

मोजणीचा कालावधी बदलला की उत्तरही बदलते. केंद्र सरकारचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ साली सुरू झाले. त्यात नेहमीच्या स्थितीसाठी मागचे ३६५ दिवस पाहतात. वर्षातले काही महिने गुऱ्हाळावर राबलेला माणूस या हिशेबात रोजगारात मोडतो. साप्ताहिक स्थितीत मागचे सात दिवस पाहतात आणि त्यात एक तास काम केले असले तरी माणूस बेरोजगार धरत नाहीत. जुलैच्या पावसात घरी बसून काम शोधणारा आपला मजूर म्हणूनच एका तक्त्यात रोजगारात दिसतो, तर दुसऱ्यात बेरोजगार. एक एकर उसावर चार भाऊ राबत असतील आणि दोघे बाजूला झाले तरी ऊस तेवढाच निघत असेल, तर ती छुपी बेरोजगारी. ती दोन्ही तक्त्यांतून निसटते.

दारिद्र्यरेषा भारतात बहुतेक वेळा खर्चावरून आखली गेली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या अभ्यासात दररोज २,२५० उष्मांकांचा आहार परवडेल इतका खर्च ही कसोटी धरली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भागात दरडोई महिना ८१६ आणि शहरी भागात १,००० रुपये ही देशपातळीवरची रेषा ठरली. खेड्यातल्या पाच जणांच्या घराला ती ४,०८० रुपयांची होते.

महागाई इथे पुन्हा आत शिरते. समजा त्या वर्षी घरखर्च ४,२०० होता, म्हणजे घर रेषेच्या वर. भाव ८ टक्क्यांनी वाढल्यावर रेषा सुमारे ४,४०६ वर सरकते. घरखर्च ४,३५० झाला, तर आधीपेक्षा जास्त खर्चूनही घर रेषेखाली जाते. रेषा जुन्याच भावांवर ठेवली, तर हे घर गरिबांच्या मोजणीत येणारच नाही.

खर्चाच्या कसोटीची आणखी एक मर्यादा गुऱ्हाळावर चांगली दिसते. पावसाळ्यात काम नसताना मजूर पुढच्या हंगामाची उचल घेऊन किराणा भरतो. सर्वेक्षणात तो किराणा खर्च म्हणून धरला जातो आणि घर रेषेच्या वर दिसते. हंगामात ती उचल मजुरीतून वळती होते, पण उपभोग खर्चाच्या रकान्यात कर्जफेड धरतच नाहीत.