ओव्हरड्राफ्टचे व्याज जास्त लागले? तक्रार अर्जाआधी हा हिशोब मांडा

ओव्हरड्राफ्टवरच्या व्याजाबद्दलचे अर्ज बहुतेक एकाच कारणाने परत येतात. 'व्याज जास्त कापले' असे लिहिलेले असते, पण किती जास्त आणि कोणत्या तारखेपासून, याचा पत्ता नसतो. शाखेतला माणूस 'सिस्टीमच व्याज काढते' म्हणतो आणि विषय संपतो. सिस्टीम काढते हे खरे आहे. पण तिच्यात दर आणि तारखा माणसेच भरतात. म्हणून अर्जासोबत प्रॉडक्ट पद्धतीचा तक्ता हवाच.

अर्ज खातेदाराने करायचा. भागीदारीचे खाते असेल तर सहीचा अधिकार असलेल्या भागीदाराने करावा. कागद तीन लागतात: मंजुरीपत्र, वर्षभराचा खातेउतारा आणि व्याजदर कधी किती होता याचे बँकेचे पत्र. पहिले दोन मिळतात. तिसरे जवळपास कुणाकडेच नसते, आणि त्याऐवजी लोक व्याजाचा दाखला जोडतात. त्या दाखल्यावर वर्षाचा एकूण आकडा असतो, दर नसतो. आयकरासाठी तो ठीक आहे, इथे काही कामाचा नाही. 'या खात्याला लागू झालेले दर आणि ते लागू झाल्याच्या तारखा लेखी द्याव्यात' असा वेगळा अर्ज आधी द्या आणि त्याची पोच घ्या. उतारा मागतानाही व्हॅल्यू डेटचा रकाना असलेलाच मागा, कारण धनादेश भरल्याची तारीख आणि पैसे खात्यात धरल्याची तारीख वेगळी असू शकते. व्याज दुसऱ्या तारखेवर चालते.

आता हिशोब. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ हे वर्ष आणि १२ टक्के दर धरू. सुरुवातीला ८०,००० रुपये नावे बाकी आहे. १५ मेला ४०,००० उचलले, १० जुलैला ७०,००० भरले, १ ऑक्टोबरला १ लाख उचलले, २० डिसेंबरला १,८०,००० भरले आणि ५ फेब्रुवारीला ९०,००० उचलले. प्रत्येक बाकी जितके दिवस टिकली तितक्या दिवसांनी तिला गुणायचे. हाच प्रॉडक्ट.

१ एप्रिल ते १४ मे: ८०,००० × ४४ = ३५,२०,०००
१५ मे ते ९ जुलै: १,२०,००० × ५६ = ६७,२०,०००
१० जुलै ते ३० सप्टेंबर: ५०,००० × ८३ = ४१,५०,०००
१ ऑक्टोबर ते १९ डिसेंबर: १,५०,००० × ८० = १,२०,००,०००
२० डिसेंबर ते ४ फेब्रुवारी: ३०,००० जमा, ४७ दिवस, प्रॉडक्ट धरायचा नाही
५ फेब्रुवारी ते ३१ मार्च: ६०,००० × ५५ = ३३,००,०००

नावे प्रॉडक्टची बेरीज २,९६,९०,००० येते. तिला १२ ने गुणून ३६,५०० ने भागले की व्याज ९,७६१ रुपये १० पैसे.

व्यवहाराच्या दिवशी दिवसअखेरची नवी बाकी धरतात, म्हणून १५ मे हा दिवस दुसऱ्या ओळीत जातो, पहिल्या ओळीत नाही. दोन्ही ओळींत तोच दिवस मोजण्याची चूक फार होते. ती पकडायला सोपे आहे: दिवसांची बेरीज करा. वर ती ३६५ भरते. दोन्ही टोके मोजली असती तर ३७० झाली असती, आणि असा तक्ता पाहून बँक पुढचे वाचतच नाही.

पाचवी ओळ नीट बघा. त्या ४७ दिवसांत खाते जमा बाजूला गेले होते. अनेकजण त्याचा १४,१०,००० चा प्रॉडक्ट नावे बेरजेतून वजा करतात आणि ४६३ रुपये ५६ पैसे जास्त कापल्याची तक्रार करतात. ते चूक आहे. अशा खात्यातल्या जमा बाकीवर चालू खात्याप्रमाणेच व्याज मिळत नाही, त्यामुळे त्या दिवसांचे व्याज शून्य. नावे व्याजातून काही वजा होत नाही.

एवढे करूनही तुमचा आकडा बँकेच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येईल. तेवढ्यावरून तक्रार करू नका. वरचा हिशोब वर्षाअखेर एकदाच व्याज लावून केला आहे. बँका मात्र एप्रिल २००२ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे दरमहा व्याज लावतात; शेतीकर्जाला तो नियम वेगळा आहे. एप्रिलचे व्याज ८०,००० × ३० × १२ ÷ ३६,५०० म्हणजे ७८९ रुपये ४ पैसे. महिनाअखेर ते नावे पडले की १ मेपासून बाकी ८०,७८९.०४ होते. त्यामुळे मेचे व्याज १,०३८.९० ऐवजी १,०४६.९५ येते. आठ रुपयांचा हा फरक नियमानुसारच आहे. अर्जाला जोडायचा तक्ता म्हणूनच महिन्यामहिन्याने मांडा, आणि नावे पडलेले व्याज पुढच्या बाकीत धरा.

खरी चूक सापडते ती बहुधा दरात. समजा १ जुलैपासून तुमचा दर साडेअकरा झाला. मग दुसरी ओळ फोडावी लागते: ३० जूनपर्यंतचे ४७ दिवस जुन्या दराने, पुढचे ९ दिवस नव्या दराने. रेपो दराशी जोडलेल्या कर्जात रेपो उतरला त्या दिवशी तुमचा दर उतरत नाही, तो बँक तुमचा दर पुन्हा ठरवते त्या, म्हणजे पुनर्निश्चितीच्या तारखेला उतरतो. ६ जून २०२५ ला रेपो साडेपाच टक्के झाला, म्हणून ६ जूनपासूनच फरक मागणारे अर्ज फेटाळले जातात. पुनर्निश्चितीची तारीख मंजुरीपत्रात शोधा. दंडाच्या रकमेवर व्याज चढले आहे का, हेही पाहा. २०२४ पासून दंड आकारता येतो, त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

अर्जाची प्रक्रिया थोडक्यात: शाखेत लेखी द्या, तक्ता जोडा, फरकाची रक्कम आणि महिना लिहा, पोच घ्या. मॅनेजरशी तोंडी झालेले बोलणे तक्रार म्हणून धरले जात नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते, फुकट. दहाव्या दिवशीच घाई करून तिथे गेलेली तक्रार बंद होते, आणि लोकांना वाटते आपले म्हणणेच खोटे ठरले. तसे नसते, मुदत भरलेली नसते एवढेच.

लोकपालाकडे 'दर फार जास्त आहे' असे लिहू नका. दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात ते पडत नाहीत. 'मंजुरीपत्रानुसार १ जुलैपासून साडेअकरा टक्के लागू होता, बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत बाराने आकारला' असे लिहा. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करावी लागते. आणि खाते पतसंस्थेत असेल तर हा मार्गच नाही. तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज जातो, तक्ता मात्र हाच.