दोन व्यक्तींच्या मुलाखतीचे चित्रीकरण

समोरासमोर बसलेल्या दोघांचे संभाषण वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपून ते संकलनात एकसंध वाटेल अशा रीतीने केलेले चित्रीकरण. दोन कॅमेरे आणि दोन कॉलर माइक ही त्याची नेहमीची मांडणी. एकाच कॅमेऱ्यावरही काम भागते, पण मग प्रश्न विचारणाऱ्याचे चेहरे नंतर वेगळे घ्यावे लागतात आणि ते बहुधा ओढूनताणून आणलेले दिसतात.

दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरतात. दोन्ही कॅमेरे तिच्या एकाच बाजूला राहिले, तर डावीकडे बसलेली व्यक्ती पडद्यावर उजवीकडे आणि उजवीकडची व्यक्ती डावीकडे पाहताना दिसते. एक कॅमेरा रेषा ओलांडून गेला की दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात आणि खोलीत कोणी तिसराच बसला असल्याचा भास होतो. चित्र आरशासारखे उलटवून ही चूक लपवण्याचा मोह होतो, पण शर्टाची बटणे, केसांचा भांग आणि मागच्या भिंतीवरची अक्षरे लगेच चुगली करतात.

दोघांच्या चेहऱ्यांत दीड मीटर अंतर आहे असे धरू. डावीकडच्या व्यक्तीचा कॅमेरा तिच्यापासून दोन मीटरवर, समोरच्याच्या खांद्याच्या थोडा मागे, रेषेपासून सुमारे २५ अंशांवर ठेवला. दुसरा कॅमेरा रेषेच्या त्याच बाजूला, याच मापाने दुसऱ्या टोकाला. या कोनातून दोन्ही डोळे दिसतात, तरीही नजर भिंगात नाही, भिंगाच्या शेजारी आहे हे कळते. कोन ४५ अंशांपलीकडे गेला की पलीकडचा डोळा नाकाआड जाऊ लागतो आणि प्रेक्षक संभाषणाबाहेर पडतो.

या मांडणीत पहिल्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने दुसरा कॅमेरा त्या व्यक्तीच्या डावीकडे, बरोबर २५ अंशांवर उभा असतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी भिंग आडवे सुमारे ४० अंश पाहते. चेहरा चौकटीच्या डाव्या तिसऱ्या हिश्शावर ठेवला की डावी कड चेहऱ्यापासून जेमतेम १३ अंशांवर येते, त्यामुळे पलीकडचा कॅमेरा चौकटीबाहेर राहतो आणि नजरेसमोर मोकळी जागाही मिळते. तिथे २४ मिमी भिंग लावले तर तोच कॅमेरा चौकटीच्या कडेला डोकावू लागतो. भिंग प्रत्येकाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवे. दोघांच्या उंचीत बराच फरक असेल तर तिपाईशी झटण्यापेक्षा बुटक्या व्यक्तीची खुर्ची उचलणे बरे, नाहीतर एक जण सतत वर पाहतो आणि दुसरा खाली. दोन्ही चेहरे चौकटीत सारख्याच आकाराचे असले पाहिजेत.

आवाजाची अडचण अधिक छुपी असते. प्रत्येकाचा माइक हनुवटीखाली वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंमीवर लावतात आणि दोन्ही माइक वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करतात. तरीही समोरच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतोच. दीड मीटरवरून येणारा तो आवाज साधारण १७ डेसिबलने हळू असतो आणि सुमारे ४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की ही उशिराची प्रत मूळ आवाजातील काही स्वर खाते, आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे पोकळ ऐकू येते. ओळखायची युक्ती सोपी आहे: एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचा ट्रॅक बंद-चालू करून पाहावा. आवाजाचा पोत बदलला तर शिरकाव झाला आहे.

हळू बोलणाऱ्याच्या माइकची पातळी वाढवणे हा लगेच सुचणारा उपाय, पण तोच बाधतो. पातळी ८ डेसिबलने वाढवली की समोरच्याचा शिरकावही तेवढाच वाढतो आणि १७ चा फरक ९ वर येतो. माइक तोंडाजवळ सरकवला तर मात्र हवा तोच आवाज वाढतो. मोठ्यात मोठ्या हास्यालाही आवाज फाटू नये म्हणून नेहमीच्या बोलण्याची शिखरे −१२ डेसिबलच्या आसपास ठेवतात. दुपट्टा किंवा माळ माइकला घासत असेल तर ते हेडफोनमध्येच कळते. मीटरकडे पाहून ते समजत नाही.

संकलनात गप्प असलेल्याचा ट्रॅक सुमारे १० डेसिबलने खाली घेतात. तो पूर्ण तोडला तर प्रत्येक वाक्याला खोलीचा मंद गुंजारव येतो-जातो आणि तो खटका प्रेक्षकाला लगेच जाणवतो. दोघे एकदम बोलत वा हसत असतील तिथे दोन्ही ट्रॅक उघडेच ठेवतात. उरलेल्या फटी भरण्यासाठी, सर्वजण जागेवर असतानाच, शांत खोलीचा अर्धा मिनिट आवाज मुद्रित करून घेतात. लोक उठून गेले आणि दिवे बंद झाले की खोली वेगळी वाजते.