गर्भाशयमुखाची तपासणी: तारीख कशी निवडावी आणि ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ म्हणजे काय

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आणि मोफत असते, तरीही शिबिरातून अनेक जणींना तशाच परत जावे लागते, कारण पाळी चालू असताना, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे बारा आठवडे ही तपासणी करत नाहीत. शिबिराचा निरोप देताना एवढे आधी सांगायला काय हरकत आहे?

समजा, चोपडा तालुक्यात कापूस वेचणीला जाणाऱ्या 34 वर्षांच्या बाईची पाळी 3 तारखेला आली आणि शिबिर 6 तारखेला आहे. तिने त्या दिवसाची मजुरी बुडवू नये. 13 ते 20 तारखेच्या दरम्यान आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या दिवशी होते, ते आशाताईंना विचारून जावे. सोबत आधार कार्ड आणि मोबाइल असावा. आभा कार्ड, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्र, ऐच्छिक आहे, त्यामुळे ते नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ठामपणे विचारावे. मात्र शरीरसंबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

‘व्हीआयए’ हे या तपासणीचे नाव. तीत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिट थांबतात. ठळक पांढरा डाग उमटला तर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ असे लिहितात. हे कर्करोगाचे निदान नव्हे. साध्या जंतुसंसर्गानेही डाग दिसू शकतो. पण घाबरून किंवा घरच्यांपासून लपवून ती चिठ्ठी डब्यात ठेवून देणे हीच खरी धोक्याची गोष्ट आहे. ती घेऊन मोठ्या रुग्णालयात कॉल्पोस्कोपी करावी लागते, म्हणजे दुर्बिणीतून पाहून गरज वाटल्यास छोटा तुकडा तपासायला पाठवतात. अहवालात ‘सीआयएन 2’ किंवा ‘3’ आले, तर तो कर्करोगापूर्वीचा बदल असतो आणि तेवढा भाग उष्णतेने नष्ट करून किंवा काढून टाकून उपचार होतो. त्यानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जाणे अपेक्षित असते. वर्षभराने पुन्हा तपासणी करावीच लागते.

‘आता लसच देऊन टाका’ असा आग्रह पुष्कळ जणी धरतात. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून या बाईसाठी तपासणीच महत्त्वाची. लसीचा खरा लाभ तिच्या मुलीला होईल. पहिला डोस पंधरावा वाढदिवस होण्याआधी घेतला, तर साधारणपणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. त्यानंतर सुरुवात केली तर सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात. दोन डोसांत पाच महिन्यांहून कमी अंतर पडले, तरीही तिसरा डोस लागतो, म्हणून पहिल्या डोसाची तारीख लिहिलेले कार्ड जपून ठेवावे.